दाव्यामागचा पैसा : प्रस्तावना

दिल्ली–मुंबई द्रुतगती महामार्गाचा वडोदरा–मुंबई टप्पा तलासरी आणि डहाणू तालुक्यांतून जातो. त्यासाठी ज्यांची जमीन गेली त्यांतल्या बहुतेकांना एक गोष्ट मोबदल्याची नोटीस हातात पडेपर्यंत ठाऊक नव्हती: ठरलेला दर कमी वाटला, तर दाद मागायची जागा सुरुवातीला न्यायालय नाही. ती जागा लवादाची आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ जी (५) प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाला मान्य नसेल, तर ती केंद्र सरकारने नेमलेला लवाद ठरवतो. पश्चिम समर्पित मालवाहू रेल्वेमार्गासाठी गेलेल्या जमिनींनाही रेल्वे कायद्याच्या कलम २० एफ (६) ने हीच वाट आखून दिली आहे. लवाद म्हटले की मुंबईच्या फोर्टमधली वातानुकूलित दालने आणि परदेशी कंपन्या डोळ्यांपुढे येतात. इथे मात्र तो सातबाऱ्यावर नाव असलेल्या वारली, धोडी, मल्हार कोळी कुटुंबांच्या दारात आला आहे.

त्याच्या पाठोपाठ दाव्याला पैसा पुरवणारा तिसरा माणूस आला. तो खातेदार नसतो आणि महामार्ग प्राधिकरणाचाही नसतो. तो खर्च उचलतो आणि वाढीव रकमेत वाटा घेतो. मोठ्या व्यापारी लवादांत या व्यवहाराला त्रयस्थ अर्थसाहाय्य म्हणतात आणि त्यासाठी स्वतंत्र निधी उभे राहिले आहेत. गावात त्याला नाव नसते. ‘तुम्ही एक रुपया घालू नका, सगळे आम्ही बघतो, रक्कम आली की आमचा हिस्सा’ एवढ्या एका वाक्यात करार होतो. पुढची पाने या माणसाविषयी आहेत: तो कायद्याला चालतो का, त्याने समोर यायला हवे का, तो लपून राहिला तर लवादाच्या निःपक्षपातीपणाचे काय होते आणि दावा हरला तर खर्च कोणाच्या माथी येतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुने आहे, आणि ते ‘चालतो’ असे आहे. इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवून त्यात वाटा घेणे शतकानुशतके निषिद्ध होते. भारताला तो निषेध जसाच्या तसा लागू नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्ये रामकुमार कुंडू विरुद्ध चंद्रकांत मुखर्जी या बंगालमधल्या जमिनीच्या प्रकरणात सांगितले. निर्धन माणसाला आपला खरा हक्क मिळवायला कोणी रास्त अटींवर पैसा दिला, तर तो करार केवळ त्या कारणाने सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरत नाही. अटी पिळवणुकीच्या असतील किंवा हेतू अनुचित असेल, तर मात्र न्यायालय त्या कराराची अंमलबजावणी करून देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध ए. के. बालाजी या निकालात तोच धागा पुढे नेला: वकील नसलेल्या त्रयस्थाने दाव्याला पैसा पुरवून निकालानंतर तो परत घेण्याला मनाई दिसत नाही.

‘वकील नसलेल्या’ या शब्दांवर इथे थांबायला हवे. बार कौन्सिलचे नियम वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू देत नाहीत आणि दाव्याच्या फळात हिस्साही घेऊ देत नाहीत. म्हणजे ‘मी केस चालवतो, वाढीव रकमेच्या वीस टक्के माझे’ असे सांगणारा वकील गैरवर्तणूक करत असतो. पण तोच हिस्सा वकिलाच्या मेहुण्याच्या नावे लिहिला आणि मेहुणा कागदावर ‘अर्थपुरवठादार’ झाला, तर बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. पैसा कोणाचा, हे उघड करण्याची गरज पहिल्यांदा इथेच जाणवते.

दुसरी मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रतनचंद हिराचंद विरुद्ध अस्कर नवाज जंग या निकालात घातली. सालारजंगांच्या इस्टेटीवरील हक्क मान्य करून घेण्यासाठी पैसा आणि मदत देणाऱ्याने आपला हिस्सा मागितला होता. त्या मदतीत अधिकाऱ्यांवर वजन वापरणे गृहीत होते, म्हणून करार रद्दबातल ठरला. मोबदल्याच्या कामात याचा अर्थ सरळ आहे. मूल्यांककाची, वकिलाची, नकलांची फी भरणारा माणूस कायद्यात बसू शकतो. ‘साहेबांकडे आपली ओळख आहे’ म्हणून टक्केवारी मागणारा बसू शकत नाही, मग करार कितीही रुपयांच्या मुद्रांकावर असो.

करार वैध असला तरी तो रास्त आहे का, हे बहुतेक वेळा एका कलमावरून कळते: टक्केवारी कशावर? समजा, तलासरीतल्या एका खातेदाराला सक्षम प्राधिकाऱ्याने ४० लाख रुपये मंजूर केले. पैसे लावणाऱ्याने दोन लाख खर्चून दावा चालवला आणि लवादाने रक्कम ६० लाखांवर नेली. करारात ‘वाढीच्या ३० टक्के’ असेल, तर त्याला ६ लाख मिळतील आणि खातेदाराकडे ५४ लाख राहतील. ‘एकूण मोबदल्याच्या ३० टक्के’ असेल, तर त्याला १८ लाख जातील आणि खातेदाराकडे ४२ लाख उरतील. वाढ २० लाखांऐवजी १५ लाख झाली असती, तर हा दुसरा करार खातेदाराला बुडवतो: ५५ लाखांच्या ३० टक्के म्हणजे साडेसोळा लाख, हातात साडेअडतीस. दावा जिंकूनही मूळच्या ४० लाखांपेक्षा कमी. वरचे व्याज बाजूला ठेवले तर सुमारे १७ लाखांच्या खालची प्रत्येक वाढ या करारात तोट्याची ठरते. जे ४० लाख कोणीही न भांडता मिळणारच होते, त्यात वाटा मागणे हे अर्थसाहाय्य नाही.

व्याजाचेही पाहायला हवे. लवादाने रक्कम वाढवली तर वाढीव भागावर ताबा घेतल्याच्या दिवसापासून रक्कम जमा होईपर्यंत वार्षिक ९ टक्के व्याज देता येते, असे कलम ३ एच (५) सांगते. आपल्या उदाहरणात चार वर्षे गेली तर हे व्याज ७ लाख २० हजार होते. ते खातेदाराच्या वाट पाहण्याचे आहे. पण करारात पैसे लावणाऱ्याने आपला परतावा महिन्यागणिक वाढता ठेवला असेल, तर विलंबाचा लाभ त्याच्याकडे वळतो आणि दावा लवकर संपावा असे त्याला वाटेनासे होते. रक्कम निकालाची वाट न पाहता व्याजासह परत करायचीच असेल, तर तो वाटा नव्हे, कर्ज आहे. मग त्या व्यवहाराला २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा लागू होतो का आणि देणाऱ्याकडे परवाना आहे का, हे विचारावे लागते.

या तालुक्यांत जमिनीचा प्रश्न आणखी एका कायद्याने वेढला आहे. डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन मंजुरीशिवाय बिगर आदिवासीकडे विक्री, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही मार्गाने जाऊ शकत नाही. महामार्ग कायद्याच्या कलम ३ डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते आणि खातेदाराकडे उरतो तो पैशाचा हक्क. पैसे लावणारे याचाच आधार घेतात: आम्ही जमिनीत नव्हे, मोबदल्यात हिस्सा घेतो. पण घोषणेच्या आधीच झालेला करार, उरलेल्या तुकड्याचे मुखत्यारपत्र किंवा ‘हिस्सा न दिल्यास शेष जमीन’ अशी अट असेल, तर कलम ३६ अ थेट त्याच्या आड येते. १९४५ मध्ये तलासरीच्या झरी गावात वारली लग्नगडी आणि वेठीविरुद्ध उभे राहिले. कर्जापोटी आपल्या पुढच्या वर्षांचे श्रम लिहून देणाऱ्या पिढीचा तो लढा होता. त्यांच्या नातवंडांकडून पुढच्या मोबदल्यावर अंगठे घेताना त्या लढ्याची आठवण ठेवली पाहिजे.

आता प्रकटीकरणाकडे येऊ. लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ च्या कलम १२ ने लवादावर लेखी जबाबदारी टाकली आहे: पक्षकारांशी, वादाच्या विषयाशी आपला पूर्वीचा वा आताचा, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध असेल तर तो सांगायचा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यासाठी पाचवी, सहावी आणि सातवी अनुसूची जोडली. कोणत्या नात्यांमुळे शंका उद्भवते, कोणत्या नात्यांमुळे अपात्रता येते आणि प्रकटीकरणाचा नमुना कोणता, हे तिथे दिले आहे. पण ही सारी व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे, की पक्षकार कोण हे लवादाला माहीत आहे. दाव्याच्या निकालात ज्याचा पैसा गुंतला आहे त्याचे नावच कागदावर नसेल, तर लवाद प्रामाणिकपणे ‘माझा कोणाशी संबंध नाही’ असे लिहितो आणि ते विधान तरीही खोटे ठरू शकते.

महामार्गाच्या प्रकरणांत लवाद बहुधा जिल्हाधिकारी वा आयुक्त दर्जाचा सेवेतला महसूल अधिकारी असतो. त्याची निवड खातेदाराच्या हाती नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या सय्यदाबाद टी कंपनी प्रकरणात हा अधिकार केंद्र सरकारचाच असल्याचे स्पष्ट केले. खातेदाराच्या बाजूने संशय साहजिकच असा असतो: सरकारने नेमलेला, सरकारचा पगारदार. मात्र लपलेला पैसा उलट दिशेचा संशयही निर्माण करतो. पैसे लावणाऱ्याची खाणपट्ट्याची किंवा बिनशेतीची फाइल त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर असू शकते. त्याचा सल्लागार त्याच कार्यालयातून नुकताच निवृत्त झालेला असू शकतो. एका गावातल्या चाळीस खातेदारांमागे तो एकटाच असू शकतो. लवादाला चाळीस गरीब कुटुंबे दिसतात, आणि त्यांच्या मागचा एकच आर्थिक हितसंबंध दिसत नाही.

दराचा पुरावाही याच्याशी जोडलेला आहे. कलम ३ जी (७) प्रमाणे बाजारभाव पाहायचा तो कलम ३ ए ची अधिसूचना निघाली त्या दिवसाचा. म्हणून शेजारच्या जमिनींची त्याआधीची खरेदीखते महत्त्वाची ठरतात. ज्याला रस्त्याची आखणी आधी कळली, त्याने दोन-चार गुंठे चढ्या भावाने विकत घेऊन तेच खरेदीखत पुढे पुरावा म्हणून उभे केले, तर दर फुगतो. हे ओळखायचे असेल तर नमुना म्हणून दिलेल्या खरेदीखतातला खरेदीदार आणि दाव्याचा खर्च उचलणारा यांची नावे शेजारी ठेवून पाहावी लागतात. दुसरे नाव उघड नसेल तर ही तुलना होत नाही, आणि खरा दर मागणाऱ्या प्रामाणिक खातेदाराच्या पुराव्यावरही अविश्वासाची सावली पडते.

परदेशी लवाद संस्थांनी याचे उत्तर शोधले आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या, म्हणजे आयसीसीच्या २०२१ च्या नियमांत कलम ११ (७) आले. दाव्याला पैसा पुरवणारा आणि निकालात आर्थिक हित असलेला जो कोणी असेल, त्याचे अस्तित्व आणि ओळख पक्षकाराने तत्परतेने कळवायची. सिंगापूरच्या लवाद केंद्राने १ जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत तसेच बंधन आहे. दोन्हीकडे भर अस्तित्वावर आणि नावावर आहे. संपूर्ण करार समोरच्या पक्षाच्या हाती द्यावा लागत नाही, आणि ते योग्यच आहे. किती टक्क्यांवर, किती पैशांपर्यंत खातेदार लढू शकतो, हे महामार्ग प्राधिकरणाच्या वकिलाला कळले तर तो पैसा संपेपर्यंत तारखा घेईल. आपल्या १९९६ च्या कायद्यात मात्र पैसा पुरवणाऱ्याचे नाव सांगण्याचे असे थेट बंधन नाही.

महाराष्ट्राच्या दिवाणी न्यायालयांत मात्र या माणसाची ओळख फार पूर्वीपासून आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ ला आपल्या राज्यात जोडलेला नियम ३ असा: वादीने दाव्यासाठी पैसा मिळावा म्हणून दाव्यातल्या मालमत्तेत कोणाला हिस्सा दिला किंवा देण्याचे कबूल केले, तर न्यायालय त्या माणसाला पक्षकार करू शकते आणि प्रतिवादीच्या खर्चासाठी त्याच्याकडून तारण मागू शकते. तारण दिले नाही तर त्याचा हक्क बाद होऊ शकतो. डहाणूतल्या एकाच सातबाऱ्यावर यामुळे विचित्र स्थिती येते. मोबदला भावाभावांत कसा वाटायचा हा वाद कलम ३ एच (४) प्रमाणे दिवाणी न्यायालयात जातो, आणि तिथे पैसे लावणाऱ्याला समोर आणायला हा नियम हाताशी असतो. त्याच जमिनीचा दर किती हा वाद लवादाकडे जातो. लवादाला दिवाणी प्रक्रिया संहिता बांधत नाही, म्हणून तोच माणूस तिथे पडद्याआड राहू शकतो.

हा फरक सर्वांत महाग पडतो तो खर्चाच्या वेळी. १८७६ च्या त्या प्रकरणात मुळात भांडण खर्चाचेच होते. मुखर्जींनी ज्यांना पैसा पुरवला ते दावा हरले. जिंकलेल्या कुंडूंना हरलेल्यांकडून खर्च मिळाला नाही, म्हणून त्यांनी पैसे पुरवणाऱ्यावर दावा लावला, आणि प्रिव्ही कौन्सिलने त्यांना रिकाम्या हाती परत पाठवले. जवळपास दीडशे वर्षांनी, २९ मे २०२३ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर टुमॉरो सेल्स एजन्सी विरुद्ध एसबीएस होल्डिंग्ज या प्रकरणात तोच प्रश्न आला. सिंगापूरच्या लवादात दावेदार हरले, त्यांच्यावर खर्च बसला, तो वसूल होईना, म्हणून विजेत्यांनी पैसा पुरवणाऱ्या कंपनीकडे मोर्चा वळवला. एकल न्यायाधीशांनी त्या कंपनीला मालमत्ता उघड करायला सांगितले होते. खंडपीठाने तो आदेश रद्द केला: जो लवादाच्या कराराचा पक्षकार नाही आणि ज्याच्याविरुद्ध निवाडा नाही, त्याच्याकडून वसुली होणार नाही. त्याच निकालात त्रयस्थ अर्थसाहाय्याची उपयुक्तता मान्य करून पारदर्शकतेच्या नियमांची गरजही न्यायालयाने बोलून दाखवली.

१९९६ च्या कायद्यातल्या कलम ३१ अ ची भाषा या निष्कर्षाला पोषक आहे. खर्च हरलेल्या पक्षाने जिंकलेल्या पक्षाला द्यावा, हा तिथला सर्वसाधारण नियम. पक्ष म्हणजे ज्याचे नाव आहे तो. महामार्गाच्या प्रकरणांत रक्कम अमान्य करण्याचा अधिकार प्राधिकरणालाही आहे, आणि लवादाचा निवाडा न पटल्यास ते कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात व पुढे उच्च न्यायालयात जाऊ शकते. त्या वाटेवर कुठेही खर्चाचा आदेश झाला तर तो खातेदाराच्या नावाने होईल. जिंकल्यावर वाटा घेणारा हरल्यावर नाहीसा होतो. म्हणून विरुद्ध खर्चाची जबाबदारी कोणाची, हे करारातच लिहून घेणे खातेदाराच्या हाती असलेले एकमेव संरक्षण आहे.

खर्चाची दुसरी बाजूही आहे: पैसे लावणाऱ्याला द्यावा लागलेला जादा वाटा हरलेल्या पक्षाकडून मिळू शकतो का? मुंबईच्या एस्सार समूहातील कंपनीला याचा अनुभव लंडनमध्ये आला. नॉर्स्कॉट ही कंपनी एस्सारच्या समुद्रातल्या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगचे व्यवस्थापन पाहत होती. एस्सारच्या वागण्यामुळेच आपण आर्थिक कोंडीत सापडलो, हे तिने लवादापुढे सिद्ध केले. लढण्यासाठी तिने ६ लाख ४७ हजार पौंड उसने घेतले होते आणि परत करायचे होते सुमारे १९ लाख ४० हजार पौंड. लवादाने ती पूर्ण रक्कम एस्सारवर टाकली. इंग्लंडच्या कायद्यातील ‘अन्य खर्च’ या शब्दांत हा खर्च बसतो, असे उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये ठरवले. आपल्या कलम ३१ अ च्या स्पष्टीकरणातही लवादाच्या कामकाजासंबंधीचा ‘अन्य कोणताही खर्च’ असे शब्द आहेत, त्यामुळे तसा युक्तिवाद इथे मांडता येतो. पण नॉर्स्कॉटला तो मांडता आला, कारण तिने आपला करार लवादापुढे ठेवला. ज्याला तो खर्च परत हवा आहे त्याला लपून राहता येत नाही.

या सर्वांतून एक आग्रह उरतो. पैसे लावणाऱ्याला हाकलण्याची मागणी इथे नाही. मूल्यांककाचा अहवाल, मोजणी, वर्षानुवर्षांची खरेदीखते आणि लवादाच्या कार्यालयापर्यंतच्या खेपा यांचा खर्च अनेक कुटुंबांना झेपत नाही, आणि तो न झेपल्याने कमी दर मुकाट्याने स्वीकारला जातो. मदत हवीच आहे. मात्र पहिल्या तारखेलाच लवादाने दोन्ही पक्षांना एक साधा प्रश्न विचारावा: या दाव्याच्या निकालात आणखी कोणाचा पैसा आहे, आणि त्याचे नाव काय? कायद्यात स्वतंत्र तरतूद होईपर्यंतही असा प्रश्न विचारायला आणि उत्तर नोंदवून घ्यायला कार्यपद्धती ठरवण्याचा लवादाचा अधिकार पुरेसा आहे. आणि खातेदाराने अंगठा देण्याआधी चार गोष्टी मराठीत लिहून घ्याव्यात: वाटा फक्त वाढीवर राहील, व्याजात वाटा असेल तर तो किती, वकील कोणाचे ऐकेल, आणि हरल्यास खर्च कोण भरेल. ज्याला ही चार उत्तरे लिहून द्यायची नाहीत आणि लवादापुढे स्वतःचे नावही सांगायचे नाही, त्याचा पैसा घेऊ नये.